नेट कुठं अडतंय ते मित्राला कसं सांगायचं, आणि काय झाकून

*मी साताऱ्यात राहते. संध्याकाळी 7 ते 9 नववी-दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास घेते. राउटर हॉलमध्ये आहे आणि क्लास मी आतल्या खोलीतून लॅपटॉपवर घेते. महिना झाला, मध्येच आवाज तुटतो, चित्र थिजतं, पोरं 'मॅडम, दिसत नाही' म्हणून ओरडतात. 40 चा प्लॅन आहे, पण फाइल उतरवताना 4 च दिसतं. कॉलेजमधला एक मित्र पुण्यात नेटवर्कचंच काम करतो. त्याला 'नेट स्लो आहे' असं कळवलं, तर त्यानं स्क्रीनशॉट मागितले. मी राउटरच्या खालच्या बाजूचा फोटो आणि मोबाइलमधले वायफाय सेटिंगचे तीन स्क्रीनशॉट पाठवले. लेकीनं ते पाहून डोक्याला हात लावला, 'आई, पासवर्ड दिसतोय!' वर मित्र म्हणतो, यातून मला काहीच कळत नाही. त्याला नेमकं काय पाठवू?*
*– एक शिक्षिका*

ताई,

लेकीचं बरोबर आहे, म्हणून आधी तेवढं मार्गी लावू. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर वायफायचं मूळ नाव आणि पासवर्ड असतो, बहुतेकदा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं युजरनेम-पासवर्डही असतं आणि राउटरचा अनुक्रमांकही. मोबाइलवर वायफायच्या नावाखाली 'शेअर' दाबून तुम्ही स्क्रीनशॉट काढला असेल, तर त्यात एक क्यूआर कोड आला असणार. लोकांना ती नुसती ठिपक्यांची रांगोळी वाटते. प्रत्यक्षात त्या कोडमध्ये हे साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं:

```
WIFI:T:WPA;S:वायफायचं नाव;P:पासवर्ड;;
```

कुठल्याही मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की ते उलगडतं. कोडचा थोडा भाग बोटानं झाकलाय म्हणून निर्धास्त राहू नका. काही भाग खराब झाला तरी वाचता यावा अशीच क्यूआरची रचना आहे. सर्वांत भक्कम प्रकारात साधारण 30 टक्के भाग गेला तरी कोड वाचता येतो. त्यामुळे झाकायचा तर अख्खा झाकायचा.

व्हॉट्सअॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' जरूर करा, पण मित्राच्या गॅलरीत फोटो आधीच उतरला असेल तर तो तिथंच राहणार. मित्रावर माझा अविश्वास नाही. फोटो मात्र माणसापेक्षा जास्त फिरतो. तो गॅलरीतून बॅकअपमध्ये जातो, आणि मित्रानं सल्ल्यासाठी दुसऱ्याला पुढं ढकलला की तिथंही जातो. म्हणून वायफायचा पासवर्ड बदला आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा असेल तर तोही बदला. मग तो फोटो कुठं का पडून असेना. घरातला टीव्ही, प्रिंटर, सगळ्यांचे मोबाइल यांना नवा पासवर्ड द्यावा लागेल, तेव्हा हे क्लासच्या अर्ध्या तास आधी करू नका. रविवारी सकाळी करा.

दुसरं, त्या 4 ची गोष्ट. ती बहुधा तक्रार नाहीच. फाइल उतरताना ब्राउजर जो आकडा दाखवतो तो MB/s असतो आणि प्लॅन विकताना सांगतात तो Mbps. मोठा B म्हणजे बाइट, छोटा b म्हणजे बिट, आणि 8 बिटांचा एक बाइट. तुमचे 4 म्हणजे 32 Mbps झाले. 40 च्या प्लॅनवर हे वाईट नाही. मित्राला 'फक्त 4 येतंय' असं कळवलंत तर तो वेग शोधत बसेल आणि तुमचं दुखणं दुसरीकडेच असेल. तेव्हा आकड्याला एकक चिकटवूनच पाठवा. गणिताच्या बाईंना हे मी सांगावं म्हणजे जरा अतीच झालं, पण कंपन्यांनी ही दोन B अशी करून ठेवलीत की भले भले घसरतात.

आता मित्राला काय हवंय ते पाहू. तुमच्या लॅपटॉपपासून पोरांच्या पडद्यापर्यंत वाट लांब आहे, पण तुमच्या हातात तिचे दोनच टप्पे येतात. पहिला लॅपटॉप ते राउटर, म्हणजे हवेतून, दोन भिंतींतून. दुसरा राउटर ते बाहेरचं जग, म्हणजे ब्रॉडबँडवाल्याची वायर आणि त्यापुढचं सगळं. 'नेट स्लो आहे' यात दोन्ही टप्पे एकाच पिशवीत कोंबले जातात. मित्राला पहिल्यांदा हवं असतं ते यांपैकी कुठला टप्पा अडतोय एवढंच. ते सांगायला स्पीडटेस्ट अपुरी पडते, कारण ती दोन्ही टप्पे मिळून एकच आकडा देते. शिवाय क्लासमध्ये आवाज तुटतो तो वेग कमी म्हणूनच तुटतो असं नाही. आवाजाला वेग फार थोडा लागतो. पण त्याचे तुकडे उशिरा पोचले, किंवा वाटेत गळाले, की तो तुटतो. हा उशीर आणि ही गळती पिंग नावाच्या साध्या चाचणीत दिसते. एक छोटा निरोप जातो, परत येतो, त्याला किती वेळ लागला तो मिलिसेकंदांत लिहिला जातो.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात `ipconfig` लिहून एंटर दाबा आणि `Default Gateway` ही ओळ शोधा. तिथं बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असं काही असेल. तो तुमच्या राउटरचा घरातला पत्ता. `fe80` नं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली तर तिच्याखाली ठिपक्यांचा छोटा पत्ता असतो, तो घ्या. मग या दोन ओळी एकामागून एक चालवा. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर पहिल्या ओळीत तो घाला:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरला 50 निरोप पाठवते. दुसरी राउटरमधून बाहेर जाऊन गूगलच्या एका सार्वजनिक सर्व्हरला पाठवते. प्रत्येकीला साधारण 50 सेकंद लागतात. वर पळणाऱ्या 50 ओळींकडे बघू नका, शेवटचा हिशेब बघा. तो असा दिसतो:

```
Packets: Sent = 50, Received = 44, Lost = 6 (12% loss),
Minimum = 2ms, Maximum = 381ms, Average = 74ms
```

लोक यातली सरासरी सांगतात आणि तीच सगळ्यांत निरुपयोगी. 74 ऐकायला बरं वाटतं. खरी बातमी `Lost` आणि `Maximum` मध्ये आहे. 50 पैकी 6 निरोप परत आलेच नाहीत, आणि एकाला 2 च्या जागी 381 मिलिसेकंद लागले. राउटरपर्यंतच्या चार पावलांत हे होत असेल, तर ब्रॉडबँडवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. भिंत, अंतर, शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी, यांतलं काहीतरी आहे. हीच चाचणी हॉलमध्ये राउटरजवळ बसून पुन्हा करा. तिथं गळती शून्य आली आणि आतल्या खोलीत 12 टक्के, तर बाकी काही सांगायला नको, मित्राला कळेल.

राउटरपर्यंतचा हिशेब आतल्या खोलीतही स्वच्छ आला आणि बाहेरचा फक्त संध्याकाळी बिघडला, तर दुसरा टप्पा अडतोय. याला एक अपवाद आहे, तो मित्राला ठाऊक असेल, तुम्हालाही ठाऊक असावा. काही राउटर पिंगला उत्तर देणं हे हलकं काम समजतात आणि कामात असले की टाळतात. राउटरचा हिशेब वाईट पण त्याच वेळी बाहेरचा चांगला, असं आलं तर बिघाड नाही. बाहेर जाणारा निरोप त्याच राउटरमधून गेलाय ना. राउटरला स्वतःला उत्तर द्यायचा कंटाळा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे सगळं क्लास चालू असतो त्या वेळेत करायचं. दुपारी 3 वाजताचे सुंदर आकडे कुणाच्याच कामाचे नाहीत. एखाद्या दिवशी 7 वाजून 20 मिनिटांनी पोरांना दोन गणितं सोडवायला द्या आणि खिडकी उघडा.

झाकाझाकीकडे वळण्याआधी माझ्या मिरजेच्या आतेभावाची गोष्ट सांगतो. तो काय चुकला ते पाहिलं की तुमचं अर्धं काम होईल. गेल्या लग्नसराईत त्याचं नेट रोज रात्री जेवणाच्या वेळेला आडवं पडायचं. ब्रॉडबँडवाल्यानं राउटर बदलून दिला, पैसे घेतले, फरक शून्य. मग भावानं मला चार चित्रं पाठवली. माझं लेक्चर त्यानं आधी कधीतरी ऐकलं होतं, म्हणून चित्रं 'झाकून' पाठवली होती. स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट होता, पण वरची पट्टी कापलेली, कारण तिथं बँकेचं नोटिफिकेशन होतं. खालचाही भाग कापलेला, कारण तिथं आयपी पत्ता होता. मधोमध उरला होता डाऊनलोडचा एक आकडा, 21. राउटरचा `192.168.1.1` हा पत्ता त्यानं मोठ्या काळजीनं काळा केला होता. आणि चौथं चित्र म्हणजे राउटरच्या स्टिकरचा लख्ख उजेडात काढलेला फोटो, पासवर्डासकट.

म्हणजे पाहा. `192.168` नं सुरू होणारा पत्ता घरातल्या घरात चालणारा असतो. लाखो घरांत हाच पत्ता आहे, तो झाकून कुणाचंच संरक्षण होत नाही, उलट मित्राला आपण कुठं पिंग केलं ते कळत नाही. वरच्या पट्टीबरोबर घड्याळ गेलं, म्हणजे चाचणी किती वाजताची ते गेलं. खालच्या भागाबरोबर अपलोडचा आकडा गेला. आणि नेमकं दुखण्याचं मूळ या दोन गोष्टींत होतं.

मी त्याला म्हटलं, कापू नकोस, झाकून पाठव, आणि एक चाचणी दुपारी, एक रात्री साडेआठला कर. दुसऱ्या खेपेला त्याचा निरोप आला तो जसाच्या तसा देतो. मला आजवर आलेल्या निरोपांत हा सगळ्यांत कामाचा होता:

> दादा, प्लॅन 40 Mbps, वर-खाली दोन्ही. लॅपटॉप राउटरपासून सहा फुटांवर, मध्ये भिंत नाही.
> दुपारी 3:10: राउटरला पिंग 50 पैकी 0 गळाले, जास्तीत जास्त 5 ms. 8.8.8.8 ला 0 गळाले, जास्तीत जास्त 31 ms. स्पीडटेस्ट 38 डाऊन, 37 अप.
> रात्री 8:35: राउटरला 0 गळाले, जास्तीत जास्त 6 ms. 8.8.8.8 ला 3 गळाले, जास्तीत जास्त 640 ms. स्पीडटेस्ट 21 डाऊन, 2 अप.
> मोबाइलवरही तसंच. साधारण सव्वाआठला सुरू होतं, नऊच्या सुमाराला आपोआप थांबतं. डिसेंबरपासून. रविवारी होत नाही.

राउटरपर्यंतची वाट दोन्ही वेळा स्वच्छ, म्हणजे वायफायचा दोष नाही. बाहेरची वाट रात्री तुंबलेली, पण डाऊनलोड निम्म्यावर आलेलं आणि अपलोड 37 वरून 2 वर. ब्रॉडबँडवाल्याकडे गर्दी असती तर ती अशी बरोब्बर पाऊण तासात उठून जाती ना, आणि तीही रविवार सोडून. घरातलंच कुणीतरी वर चढणारी वाट भरून टाकत होतं. विचारलं, सव्वाआठला घरात कोण येतं? पुतण्या. तो लग्नांचं शूटिंग करतो. घरी आला की दिवसभराचा व्हिडिओ एडिटिंगवाल्याला पाठवायला लावतो आणि जेवायला बसतो. किती असतो? दहा-बारा जीबी. 12 जीबी म्हणजे 96,000 मेगाबिट. ते 40 च्या वेगानं चढवायला 2,400 सेकंद, म्हणजे 40 मिनिटं. बसलं गणित! पुतण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडला 20 Mbps ची मर्यादा घातली. व्हिडिओ जायला आता सव्वा तासाच्या वर लागतो आणि कुणाचं काही अडत नाही. बदललेला राउटर मात्र तसाच आहे, पैसे काही परत आले नाहीत.

तेव्हा अपलोडचा आकडा तुम्हीही कापू नका. शिकवणाऱ्याचं चित्र आणि आवाज वर चढत असतो, पोरांसारखा खाली उतरत नसतो. तुमच्या क्लासचा जीव अपलोडमध्ये आहे. स्पीडटेस्टमध्ये तीन पिंग दिसत असतील, नुसती, डाऊनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना, तर तिन्ही राहू द्या. तिसरी फुगलेली दिसली की मित्र लगेच विचारेल, घरात तेव्हा काय चढत असतं?

स्क्रीनशॉटबद्दल माझा पहिला सल्ला असा, की जिथं टाळता येईल तिथं काढूच नका. पिंगचा हिशेब अक्षरांत आहे, तो अक्षरांतच पाठवा. काळ्या खिडकीच्या स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक आज्ञेच्या आधी `C:\Users\` आणि पुढं तुमचं नाव असतं. काहींच्या बाबतीत तर कंपनीनं दिलेलं कर्मचारी-खात्याचं नाव. त्याऐवजी हे करा:

```
ping -n 50 192.168.1.1 | clip
```

पडद्यावर जवळजवळ मिनिटभर काहीच दिसणार नाही, घाबरू नका. काम संपलं की पूर्ण हिशेब कॉपी झालेला असतो, नाव वगळून. तो मित्राच्या चॅटमध्ये पेस्ट करा आणि वर एक ओळ घाला, 'आतली खोली, 7:20, क्लास चालू'.

वायफायची ताकद मित्राला हवी असेल तर `netsh wlan show interfaces` चालवा. त्यात `Signal` टक्क्यांत दिसतं, शिवाय `Channel`, `Radio type` आणि `Receive rate`. या चार ओळी त्याला द्या. बाकीच्यांत `Physical address` आणि `BSSID` असतात, ते तुमच्या लॅपटॉपचे आणि राउटरचे कायमचे अंक आहेत. पासवर्ड बदलला तरी हे अंक बदलत नाहीत. आणि मोबाइलना लोकेशन दाखवता यावं म्हणून बनवलेल्या याद्यांमध्ये असे राउटरचे अंक जागेसकट नोंदलेले असतात. म्हणून ते खोडा. वायफायचं नाव आडनावाचं किंवा फ्लॅट नंबरचं असेल तर तेही. इथं एक गंमत होते: `SSID` समोरचं नाव लोक खोडतात आणि खाली `Profile` समोर तेच नाव जसंच्या तसं राहतं. शेवटपर्यंत वाचा. आणि कुणी `netsh` च्या आज्ञेला `key=clear` जोडून चालवायला सांगितलं तर त्याचं उत्तर कुठंही पेस्ट करू नका. ती आज्ञा वायफायचा पासवर्ड उघडा करून दाखवते. नेट का अडतं हे कळायला तिची गरज नाही.

राउटरच्या सेटिंगचं पान किंवा स्पीडटेस्ट मात्र चित्रातच पाठवावी लागते. तिथं झाकणं स्क्रीनशॉटच्या आधीच सुरू करा. मोबाइल 'डू नॉट डिस्टर्ब' वर टाका, म्हणजे चाचणीच्या मध्येच ओटीपी वर येऊन बसत नाही. लॅपटॉपवर वेगळी खिडकी उघडा, नाहीतर वर उघडे असलेले टॅब, बुकमार्क आणि कोपऱ्यातला तुमचा ईमेल सगळं चित्रात येतं. अख्ख्या पडद्याऐवजी `Win + Shift + S` दाबून हवा तेवढाच चौकोन निवडा. घड्याळ त्यात येणार नाही, म्हणून वेळ निरोपात लिहायची.

राउटरच्या पानावर `WAN` किंवा `PPPoE` असा भाग असतो. तिथं एक युजरनेम असतं, आणि ते पुष्कळदा तुमचा ग्राहक क्रमांक किंवा मोबाइल नंबरच असतो. पासवर्ड ठिपक्यांत असतो म्हणून लोक ते पान तसंच पाठवतात आणि युजरनेमकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते झाका. बाहेरचा आयपी पत्ता झाका, पण शेजारचं ब्रॉडबँडवाल्याचं नाव आणि स्पीडटेस्टच्या सर्व्हरचं गाव राहू द्या. साताऱ्यात बसून चाचणी दिल्लीच्या सर्व्हरला केली असेल तर पिंगचा आकडा उगीच मोठा दिसतो, आणि ते मित्राला त्या गावावरूनच कळतं. जोडलेल्या उपकरणांची यादी पाठवत असाल तर 'अमक्याचा आयफोन' अशी नावं खोडा, उपकरणांची संख्या ठेवा.

झाकायचं कशानं? काळ्या, भरीव चौकोनानं. मोबाइलच्या एडिटरमधला हायलायटर अर्धपारदर्शक असतो. चार वेळा फिरवून डोळ्यांना काळं दिसलं, तरी चित्राचा उजेड वाढवला की अक्षरं पुन्हा डोकं वर काढतात. स्वतः करून बघा, ब्राइटनेस आणि एक्स्पोजर पार टोकाला न्या. धूसर करणं किंवा चौकोनी ठोकळे पाडणं हेही पासवर्ड आणि आकड्यांसाठी नको. अक्षरांचा फाँट माहीत असेल तर निरनिराळी अक्षरं तशीच धूसर करून जुळवून पाहता येतात. चेहऱ्यासाठी ठीक, पासवर्डासाठी नाही.

कापण्याचंही एक प्रकरण झालंय. 2023 च्या मार्चमध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनमधलं मार्कअप आणि विंडोज 11 चं स्निपिंग टूल, या दोन्हींत चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं की कापलेला भाग फाइलच्या शेपटीला शिल्लक राहू शकत होता आणि जाणकाराला तो काही प्रमाणात परत काढता येत होता. दोन्हींची दुरुस्ती झाली, पण दुरुस्तीआधी पाठवलेली चित्रं तशीच राहिली. वर्डमध्ये चित्र टाकून तिथं कापलं तर कापलेला भाग साधारणपणे फाइलमध्येच असतो. पीडीएफवर काळी पट्टी ठेवली तर खालची अक्षरं बरेचदा निवडून कॉपी करता येतात. यावर माझा उपाय अगदी खेडवळ आहे. झाकून झालं की ते चित्र पडद्यावर मोठं करायचं आणि त्याचाच नवा स्क्रीनशॉट काढायचा. नव्या चित्रात फक्त जे दिसतं तेच असतं, पोटात काही नाही. मित्राला तो दुसरा पाठवायचा.

राउटरवरच्या दिव्यांचा फोटो मित्र मागेल, तो द्या. पण राउटर समोरून काढा, उलटा करून नाही. फोटो साधा फोटो म्हणूनच पाठवा, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडलात तर कॅमेऱ्यानं नोंदलेलं घराचं लोकेशन फाइलबरोबर जाऊ शकतं. लाल दिवा लागलाय का, आणि `LOS` किंवा `PON` समोरचा दिवा लुकलुकतोय का, हे चार शब्दांत लिहिलंत तर फोटोही नको.

कधीकधी मित्र म्हणतो, 'जाऊ दे, राउटरचा पासवर्डच दे, मी आत जाऊन बघतो.' तो पुण्यात बसून साधारणपणे तुमच्या राउटरच्या पानावर पोचूच शकत नाही, ते पान घरातल्या वायफायवरूनच उघडतं. त्याला तुमचा पडदा दाखवा, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून, आणि माउस तुमच्याच हातात ठेवा. तो दिवाळीत साताऱ्याला आला आणि खुर्ची ओढून बसला, तर पासवर्ड तोंडी सांगा. तो चहा पिऊन गेला की बदला, आणि बदलताय हे त्याला सांगूनच. नेटवर्कचं काम करणाऱ्याला याचं वाईट वाटत नाही. तो स्वतःच्या घरी हेच करतो.